मार्चअखेरचं ‘खर्चाची बिलं जमा करा’ पत्र: तुमची माणसं ते का वाचत नाहीत



मार्च महिना लागला की आपल्याकडे सगळ्यांनाच हिशेब आठवतो. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये तर मार्चअखेरच्या हिशेबासाठी कांद्याचे लिलावसुद्धा काही दिवस बंद ठेवतात. आपल्या छोट्या धंद्यात लिलाव नसतो, पण एक कागद मात्र दरवर्षी निघतो. तो साधारण असा असतो:

‘सर्व विभागांना कळविण्यात येते की, आर्थिक वर्ष संपत आल्याने सर्वांनी आपले खर्चाचे क्लेम आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करावेत. मुदतीनंतर आलेल्या क्लेमचा विचार केला जाणार नाही.’

हा मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, चार जण अंगठा दाखवतात आणि ३१ तारखेला संध्याकाळी टेबलावर चुरगळलेल्या पावत्यांचा ढीग येतो. मालक म्हणतात, ‘माणसांना शिस्तच नाही.’ माझं मत स्पष्ट आहे: इथे चूक पत्राची आहे. त्यात ‘आवश्यक कागदपत्रं’ म्हणजे कोणती, ‘विहित मुदत’ म्हणजे कोणती तारीख, हेच नाही. ज्याला ते माहीत आहे त्याला पत्राची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला ते काहीच सांगत नाही.

समजा, नांदगावात तुमचं शेती अवजारांची विक्री आणि दुरुस्ती करणारं छोटं वर्कशॉप आहे. दहा-अकरा माणसं. दुरुस्तीवाली पोरं मनमाड, मालेगावला जाऊन स्पेअर पार्ट आणतात, ड्रायव्हर डिझेल भरतो, विक्रीवाला नाशिकला मुक्काम करतो. सगळे आधी खिशातून घालतात आणि मग तुमच्याकडून घेतात. या लोकांसाठी पत्र लिहायचंय.

आधी तारखेचं बघू. ‘३१ मार्चपर्यंत’ लिहिणं सोपं, पण २०२५ मध्ये ३० मार्चला रविवार आणि गुढीपाडवा होता, ३१ ला रमजान ईद. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस निघाला २९, शनिवार. कॅलेंडर न बघता पत्र काढलं असेल, तर मुदत सुट्टीत गेली. शिवाय ३० तारखेला भरलेल्या डिझेलची पावती २५ ला कोण देणार? म्हणून तारखा दोन हव्यात. २५ मार्चपर्यंतचा खर्च एका तारखेला, आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

आता ती धमकी, ‘विचार केला जाणार नाही’. ही ओळ काढून टाका. पैसे माणसाने स्वतःच्या खिशातून तुमच्या कामाला घातलेत, ते बुडवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? आणि हिशेबाच्या दृष्टीनेही ती ओळ उलटी पडते. तुमची वही व्यापारी पद्धतीची असेल, तर मार्चमध्ये झालेला खर्च मार्चचाच, पैसे एप्रिलमध्ये दिले तरी. तो ‘देणे बाकी’ म्हणून याच वर्षात धरता येतो. पण त्यासाठी खर्च झालाय हे अकाउंट बघणाऱ्या ताईंना कळायला हवं. धमकी दिली की उशीर झालेला माणूस गप्प बसतो, खर्च वहीत येत नाही, नफा कागदावर फुगतो आणि त्यावर कर तुम्ही भरता. म्हणून पत्रात लिहा: बिल हातात नसेल तरी रक्कम कळवा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ स्पेअर पार्टच्या बिलात होतो, म्हणून तिथे जरा थांबू. पोरगा यूपीआयने ११,८०० रुपये देतो आणि मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवतो. स्क्रीनशॉट एवढंच सांगतो की पैसे गेले. काय घेतलं, कर किती, ते त्यात नाही. माल १८ टक्के दराचा असेल, तर त्या ११,८०० मध्ये १,८०० रुपये जीएसटी आहे. तुमची फर्म नेहमीच्या योजनेत नोंदलेली असेल, तर ते १,८०० तुमच्या कराच्या देण्यातून वजा होऊ शकतात, पण बिलावर फर्मचं नाव आणि फर्मचा जीएसटी नंबर असेल तरच. पोराच्या नावाचं बिल असेल तर ते पैसे गेले.

आणि हे पत्र मार्चमध्ये का जातं? नुसत्या सवयीने. दुकानदार महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आसपास पोर्टलवर भरतो. मार्चच्या बिलावर नंबर राहिला असेल, तर महिना संपायच्या आत जाऊन तो बिल बदलून देऊ शकतो. जूनच्या बिलासाठी आता मार्चमध्ये गेलात तर तो हात वर करेल, आणि त्याचं चूक नाही. म्हणजे ‘बिल घेताना नंबर सांगा’ ही सूचना एप्रिलमध्येच द्यायची असते, आणि फर्मचं नाव-नंबर छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात हवं. रोखीचंही तसंच. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर काही अपवाद सोडून तो खर्च आयकरात धरत नाहीत. मालेगावच्या मेकॅनिकला १४,००० रोख देऊन झाल्यावर मार्चचं पत्र काय करणार?

बाकीचं थोडक्यात. पंपाची पावती थर्मल कागदाची असते, गाडीच्या डॅशबोर्डवर दोन महिन्यांत कोरी होते, म्हणून त्याच दिवशी फोटो. टोलला फास्टॅगचं स्टेटमेंट पुरतं. हमाली, रिक्षा यांना बिल मिळत नाही. तिथे साधं व्हाउचर चालवा, नाहीतर लोक खोटी बिलं आणायला शिकतात.

तर नवं पत्र असं:

‘मंडळी, कामासाठी खिशातून घातलेले पैसे परत घ्यायचेत. २५ मार्चपर्यंतच्या खर्चाचे कागद २७ मार्चला दुपारी ४ पर्यंत ऑफिसात ताईंकडे द्या. २६ ते ३१ मार्चचा खर्च ४ एप्रिलपर्यंत.

स्पेअर पार्ट: फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर असलेलं बिल. मार्चच्या बिलावर नंबर नसेल, तर दुकानातून आत्ताच बदलून आणा. नुसता स्क्रीनशॉट चालणार नाही.
डिझेल: पंपाची पावती, मागे गाडी नंबर आणि किलोमीटर.
मुक्काम: लॉजचं बिल, फर्मच्या नावाने.
हमाली, रिक्षा: व्हाउचर. तारीख, कशासाठी, कुणाला, रक्कम, सही.

बिल हरवलं असेल किंवा अजून आलं नसेल, तरी रक्कम आणि तारीख ३१ मार्चच्या आत ताईंना फोनवर सांगा. पैसे १० एप्रिलपर्यंत खात्यात येतील.’

शेवटची ओळ बघा. जुन्या पत्रात माणसाने कधी द्यायचं ते होतं, त्याला कधी मिळणार ते नव्हतं. ती तारीख पाळता येत नसेल, तर लिहू नका, पुढची लिहा. गेल्या वर्षीची बिलं जूनपर्यंत अडवून ठेवली असतील, तर यंदाही ढीग ३१ लाच येणार, पत्र कितीही चांगलं असो.

पाठवताना तारखा मात्र यंदाच्या कॅलेंडरवरून बदला, आणि पत्र १० मार्चच्या आसपास जाऊ द्या. दुकानातून बिल बदलून आणायला तेवढे दिवस लागतात. ड्रायव्हर लोक ग्रुप वाचत नसतील, तर पत्र छापून गाडीच्या चावीच्या खुंटीजवळ लावा.