एक उधारी वही, दोन कॉम्प्युटर : चूक क्लाउडची नाही, मांडणीची आहे

"सर, फोल्डरमध्ये एकाच फाईलच्या दोन फाईली झाल्यात, कुठली उडवू?" हा प्रश्न चॅनेलवर पावसाळ्यात हमखास येतो. माझं उत्तर एकच : कुठलीच नाही. दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत.

आधी हे होतं कसं ते बघू. समजा एकाचं हार्डवेअरचं मुख्य दुकान भोरला आहे आणि वेल्ह्याला छोटा काउंटर. दोन्हीकडे लॅपटॉप, दोन्हीकडे ड्रॉपबॉक्सचं सामायिक फोल्डर, आणि त्यात एकच `Udhari.xlsx`. जुलैचा पाऊस. वेल्ह्यात लाईट गेली, राऊटर बंद, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे. काउंटरवरचा पोरगा नोंदी करत राहतो. फाईल तर लॅपटॉपवरच आहे, त्यामुळे काहीच अडत नाही.

आता एक गिऱ्हाईक धरा. सकाळी त्याच्या नावावर 4,200 रुपये बाकी. दुपारी तो भोरला तहसीलच्या कामाला आला आणि जाता जाता दुकानात 1,500 भरून गेला. भोरच्या फाईलमध्ये बाकी झाली 2,700. त्याच दुपारी त्याच्या भावाने वेल्ह्यातून 800 ची ताडपत्री उधारीवर नेली. वेल्ह्याच्या फाईलमध्ये बाकी झाली 5,000, कारण तिथे 1,500 ची जमा पोहोचलेलीच नाही. खरी बाकी किती? 4,200 वजा 1,500 अधिक 800, म्हणजे 3,500. हा आकडा दोन्हीपैकी एकाही फाईलमध्ये नाही!

संध्याकाळी वेल्ह्याला नेट आलं. ड्रॉपबॉक्स तिथली फाईल वर पाठवायला गेला. प्रत्येक कॉम्प्युटर लक्षात ठेवतो की आपला बदल फाईलच्या कुठल्या आवृत्तीवर केलेला आहे. वेल्ह्याचा बदल सकाळच्या आवृत्तीवरचा, आणि सर्व्हरवर तर दुपारीच भोरची नवी आवृत्ती येऊन बसलेली. सर्व्हरला फाईलच्या आत काय लिहिलंय ते कळत नाही. त्याच्यासाठी एक्सेलची फाईल म्हणजे एक बंद गाठोडं. दोन गाठोडी उलगडून नोंदी एकत्र करणं त्याला जमत नाही, आणि एक फेकून द्यायची त्याची तयारी नाही. म्हणून तो दोन्ही ठेवतो :

```
Udhari.xlsx
Udhari (VELHE-PC's conflicted copy 2025-07-08).xlsx
```

वनड्राईव्ह हेच काम नावाच्या शेवटी कॉम्प्युटरचं नाव जोडून करतो, म्हणजे `Udhari-VELHE-PC.xlsx`. (विंडोजने दिलेली `DESKTOP-7K2...` असली नावं बदलून गावाची नावं द्या. कुठल्या काउंटरची फाईल आहे ते बघता क्षणी कळतं.)

लोक क्लाउडला शिव्या देतात, मला ते पटत नाही. त्याने एकही नोंद हरवू दिली नाही. घोटाळा पुढे आपण करतो. साधं नाव असलेली फाईल खरी आणि लांब नावाची खोटी, असं धरून लांब नावाची उडवतो. साधं नाव फक्त आधी पोहोचणाऱ्याला मिळतं. ती जास्त बरोबर आहे किंवा ताजी आहे, असा त्याचा अर्थ नाही. वरच्या उदाहरणात लांब नावाची उडवली की 800 रुपये गेले. ती ठेवून दुसरी उडवली तर गिऱ्हाइकाकडे भरलेले पैसे परत मागितले जातील, आणि आपल्या भागात ही गोष्ट पुढच्या बाजारापर्यंत सगळ्यांना कळते.

याहून वाईट प्रकार म्हणजे कोणाच्या लक्षातच न येणं. एक्सेलच्या अलीकडे उघडलेल्या फाईलींच्या यादीतून पोरगा लांब नावाची फाईल उघडतो आणि महिनाभर त्यातच लिहीत बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा फोल्डरमध्ये `conflicted` शोधा, वनड्राईव्ह असेल तर कॉम्प्युटरचं नाव शोधा.

दोन फाईली सापडल्याच, तर दोन्ही काउंटरवर लिहिणं थांबवा. दोन्ही फाईलींची कॉपी क्लाउड फोल्डरच्या बाहेर, साध्या डेस्कटॉपवर काढा. मग ड्रॉपबॉक्सच्या वेबसाईटवर त्या फाईलचा व्हर्जन इतिहास उघडून फाटा फुटायच्या आधीची, म्हणजे सकाळची आवृत्ती उतरवून घ्या. ही तिसरी फाईल सगळ्यात महत्त्वाची. तिच्याशी ताडल्याशिवाय कोणी काय वाढवलं ते कळणार नाही. साध्या खात्यात हा इतिहास 30 दिवसच मागे जातो, त्यामुळे दिवाळीत बघू म्हणून चालणार नाही. सकाळच्या फाईलमध्ये भोरच्या नव्या नोंदी घाला, मग वेल्ह्याच्या घाला, आणि तीच पुढे चालवा.

इथे एक मेख आहे. तुमची फाईल नुसती "नाव आणि बाकी" अशी असेल आणि तुम्ही जुना आकडा खोडून नवा लिहीत असाल, तर 5,000 आकड्यावरून काय घडलं ते सांगता येत नाही. तारीख, गिऱ्हाईक, तपशील, रक्कम अशी प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ असेल तर जोडणं दहा मिनिटांचं काम आहे. आपल्या आजोबांची रोजकीर्द अशीच असायची, ओळीखाली ओळ, खाडाखोड नाही.

"फाईल बंद करून मगच दुसऱ्याने उघडायची" हा नियम बरेच जण सांगतात. माझ्या मते तो दुकानात टिकत नाही. शिवाय यासाठी नेट जायलाच हवं असंही नाही. वेल्ह्यात फाईल सकाळपासून उघडी असेल, तर भोरची नवी आवृत्ती तिच्या जागी बसू शकत नाही, आणि संध्याकाळी सेव्ह केलं की पुन्हा फाटा. गूगल शीट्स घ्या म्हणाल, तर नेट असताना उत्तम. ऑफलाईन असताना मात्र एकाच खान्यात दोघांनी लिहिलं तर नंतर पोहोचलेला आकडा राहतो, आणि दुसरी कॉपी निघत नसल्याने पत्ताही लागत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे : एका फाईलमध्ये लिहिणारा कॉम्प्युटर एकच. `Bhor.xlsx` मध्ये फक्त भोर लिहिणार, `Velhe.xlsx` मध्ये फक्त वेल्हे. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहू देत. मालकाच्या लॅपटॉपवर तिसरी फाईल बेरीज करते. B मध्ये गिऱ्हाइकाचा नंबर, D मध्ये रक्कम (उधारी अधिक, जमा वजा) :

```
=SUMIFS([Bhor.xlsx]Nond!$D:$D,[Bhor.xlsx]Nond!$B:$B,A2)
+SUMIFS([Velhe.xlsx]Nond!$D:$D,[Velhe.xlsx]Nond!$B:$B,A2)
```

बेरीज बघताना दोन्ही फाईली उघड्या हव्यात, नाहीतर `#VALUE!` येतं. दुसऱ्याची फाईल रीड-ओन्ली उघडायची. मागची बाकी एकाच फाईलमध्ये, एकदाच लिहायची.

बिल नंबरलाही हेच लागू. सामायिक फाईलमधून नंबर घेतले तर ऑफलाईन असताना दोन्हीकडे 118 नंबरचं बिल फाटतं. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे नंबर क्रमाने आणि वर्षात एकदाच यावा लागतो, पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात, 16 अक्षरांच्या आत. `BH-118` आणि `VL-118` ही दोन वेगळी बिलं झाली. आणि टॅलीचा चालू डेटा असल्या फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका, फक्त बॅकअप ठेवा. तिथे एक कंपनी म्हणजे अनेक फाईली असतात, त्यातल्या एखादीला फाटा फुटला की सगळाच डेटा बिघडू शकतो.

या पद्धतीतही एक गोष्ट सुटत नाही. नेट नसताना वेल्ह्याच्या पोराला भोरची दुपारची जमा दिसणार नाही ती नाहीच. मोठी उधारी द्यायची असेल तर त्याने भोरला फोन लावून विचारायचं, आणि रेंज नसेल तर सकाळच्या बाकीवर ठरवायचं.