एका गोलाची आघाडी आणि अखेरची दहा मिनिटे

सामना संपत आला असता आपल्या संघाकडे एका गोलाची आघाडी असली, की मैदानाच्या कडेने एकच आरोळी उठते : "सगळे मागे या!" महाड-पोलादपूरच्या मैदानांवर ती आम्हीही दिली आहे. आज मात्र ती चुकीची होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने एफसी गोवा संघ चेन्नईयिनविरुद्ध २-१ असा पुढे गेला. ९० व्या मिनिटाला स्वयंगोलाने बरोबरी झाली आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाच्या गोलाने चेन्नईयिनने ३-२ असे विजेतेपद मिळवले. येथे हानी दोनदा झाली. बरोबरीने आघाडी गेली, तरी जादा वेळेचा खेळ हाती होता. पुढच्या गोलाने तोही गेला. म्हणून गोल केल्यानंतरची आणि गोल स्वीकारल्यानंतरची काही मिनिटे प्रत्येकाने आपली जागा सोडू नये, हा पहिला धडा.

दुसरा प्रश्न रचनेचा. दोन आघाडीवीरांपैकी एकाला मधल्या फळीत आणावे. दुसऱ्याला मात्र पुढेच ठेवावे. तोही मागे आला, तर आपण दूर मारलेला चेंडू घेणारा कोणी उरत नाही आणि तो क्षणात परत आपल्याच गोलासमोर येतो. असे लागोपाठ दोन-तीनदा घडले, तर संघ फार मागे सरकला आहे, हे ओळखावे. पाचवा बचावपटू प्रतिपक्ष दोन्ही बाजूंनी उंच चेंडू टाकत असेल तरच आणावा. कारण त्यामुळे पेनल्टी क्षेत्राबाहेर पडणाऱ्या चेंडूवर आपला माणूस कमी पडतो.

चेंडू राखायचा तो प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात, कडेच्या रेषेजवळ, तिघांच्या त्रिकोणात. तेथे तो गेला तरी बहुधा थ्रो-इन होतो. आपल्या गोलासमोरून आडवा पास मात्र कधीही देऊ नये. पावसाळ्यात चिखलात छोटा पास अडतो. तेव्हा चेंडू सरळ कडेला आणि दूर मारणेच शहाणपणाचे.

राहिला वेळेचा प्रश्न. दुखापतीचे सोंग केल्यास पंच तो वेळ शेवटी जोडतात, शिवाय पिवळे कार्ड दाखवू शकतात. २०२५ पासूनच्या नियमानुसार गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरला, तर प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. आघाडी राखताना तीच सर्वांत नकोशी देणगी. याउलट चेंडू खेळात ठेवून, आपल्या पायांत राखून घालवलेला मिनिट कोणीही परत जोडत नाही. म्हणून सोंग शिकवण्याऐवजी त्रिकोण शिकवावा, असा आमचा आग्रह आहे.