मान लाकडासारखी का झाली?

या महिन्यात आम्ही एका दुर्मीळ आजाराबद्दल लिहीत आहोत. आमच्याकडे एका भगिनीला तिची खाला घेऊन आली. वय ४४. आठ महिन्यांपासून गळ्याच्या पुढच्या भागाला कडकपणा, भाकरीचा घास अडकणे, आवाज बसणे, उताणे झोपल्यावर दम कोंडणे. घरच्यांनी मनोमन कॅन्सर धरलाच होता. हात लावून पाहिले तर थायरॉइडची ग्रंथी दगडासारखी टणक, भोवतीच्या स्नायूंना चिकटलेली. गिळताना जेमतेम हलत होती. मात्र दुखत नव्हती.

शंका घेणे रास्तच होते. थायरॉइडचा सर्वांत घातक कॅन्सर, अ‍ॅनाप्लास्टिक, असाच टणक लागतो. पण तो बहुधा साठीनंतर येतो आणि काही आठवड्यांतच वाढतो. लिम्फोमाही झपाट्याने फुगतो, बहुतेकदा जुना हाशिमोटो आजार असलेल्या वयस्कर बाईत. इथे वाढ संथ होती. तरी नुसत्या वेगावरून निकाल देणे धोक्याचे.

सुईची तपासणी दोनदा झाली. दोन्ही वेळा पेशी जवळजवळ आल्याच नाहीत. घरचे म्हणाले, "म्हणजे कॅन्सर नाही ना?" नाही, तसा अर्थ होत नाही. ग्रंथीत घट्ट तंतूच भरले असले की सुईत ओढून येण्याजोगे काही नसते. कोरा रिपोर्ट हा 'नाही' असा रिपोर्ट नव्हे. म्हणून छोटे ऑपरेशन करून तुकडा काढावा लागला.

तुकड्यात ग्रंथीची जागा तंतूंनी घेतलेली होती आणि ते आवरण ओलांडून स्नायूंत शिरले होते. हाशिमोटोच्या तंतुमय प्रकारात ते सहसा आवरणाआड थांबतात. बारीक शिरांच्या भिंती सुजलेल्या होत्या. लिम्फोमातल्या एकसारख्या पेशींचा थर नव्हता, कॅन्सरच्या बेढब पेशीही नव्हत्या. तरी खास रंग देऊन पुन्हा पाहिले, कारण अ‍ॅनाप्लास्टिकचा एक प्रकार इतक्या थोड्या पेशींचा असतो की हुबेहूब असाच दिसतो. त्यात घाई केलेली आम्हाला पटत नाही.

निदान झाले रीडेल थायरॉइडायटिस. जर्मनीतल्या येना शहरातील सर्जन रीडेल यांनी १८९६ मध्ये या 'लोखंडासारख्या' गाठीचे वर्णन केले. आज यातले बरेच रुग्ण आयजीजी-४ नावाच्या विकारात मोडतात. त्यात पोटामागेही असेच तंतू होऊन लघवीच्या नळ्या दाबल्या जाऊ शकतात, म्हणून पोटाचाही स्कॅन केला. तो ठीक निघाला.

पूर्ण ग्रंथी काढा, असा आग्रह घरच्यांचा होता. पण सगळे एकमेकांना चिकटलेले असताना आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी वाचवणे अवघड. सर्जनने श्वासनलिकेवरचा मधला पट्टा तेवढा काढला. पुढे प्रेडनिसोलोन दिले, साखर आणि रक्तदाब पाहत. त्याने भागले नाही तर टॅमॉक्सिफेन देतात. थायरॉइड मंदावल्यामुळे तिची रोजची गोळीही सुरू झाली.

तीन महिन्यांनी दम कोंडणे थांबले, अल्हम्दुलिल्लाह. कडकपणा थोडा उरला आहे आणि आवाज अजून पुरता सुटलेला नाही.