पाण्याच्या अर्जाला तीन उत्तरे

पिण्याच्या सुरक्षित पाण्याची सोय करावी, असा अर्ज पालकाने मुख्याध्यापकांना दिला की तीन उत्तरे हमखास ऐकू येतात. ती एकेक तपासून पाहू.

पहिले : ‘मुले घरून बाटली आणतात.’ अर्ध्या लिटरची बाटली मधल्या सुट्टीपर्यंत संपते. मग ती कुठे भरायची, हेच तर अर्जात विचारले आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेशा पेयजलाची सोय शाळेच्या इमारतीतच मागते; तिथे बाटलीची सवलत नाही.

दुसरे : ‘पाणी नगरपालिकेचे आहे, शुद्धच येते.’ येते, हे मान्य करू. पण मुले ते गच्चीवरच्या टाकीतून पितात. झाकण तुटलेले आणि तळाशी गाळ असेल, तर पाण्यातले क्लोरीन त्या घाणीशी झुंजण्यातच संपते. पुढे जंतू शिरले तर त्यांना रोखायला काही उरत नाही.

तिसरे : ‘आम्ही आरओ बसवला आहे.’ आरओतून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन जवळजवळ नसतेच. ते न धुतलेल्या स्टीलच्या टाकीत साठले, की पुन्हा दूषित होऊ शकते. टीडीएस मीटरचा कमी आकडा विरघळलेले क्षार कमी असल्याचे सांगतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून अर्जात नुसते ‘शुद्ध पाणी द्या’ असे लिहू नये. रोजची तपासणी मागावी. नळाच्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकले, की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि तो तक्त्याशी जुळवून प्रमाण कळते. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे. ही चाचणी तीन ठिकाणी करावी : शाळेत पाणी येते तिथे, टाकीतून पाणी बाहेर पडते तिथे आणि मुले पितात त्या नळाला. पहिल्या ठिकाणी रंग आला आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर दोष टाकीत आहे. दुसऱ्या ठिकाणी आला आणि मध्ये आरओ नसतानाही तिसऱ्या ठिकाणी नाही, तर पाइप तपासावा. पहिल्याच ठिकाणी रंग नसेल, तर तक्रार नगरपालिकेकडे न्यावी.

जंतूंसाठी एचटूएस बाटलीची चाचणी आहे. तिच्यातले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले, तर विष्ठेतून आलेल्या दूषिततेचा संशय धरून ते पिणे थांबवावे. मात्र बोअरवेलमधले फ्लोराइड किंवा नायट्रेट यातल्या कोणत्याच चाचणीत दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

यात खर्च थोडा आहे. शिस्त मात्र रोजची लागते. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत टाकी धुतल्याची तारीख आणि क्लोरीनची नोंदवही मागावी. जिथे ही वही नाही, तिथले पाणी सुरक्षित आहे असे म्हणण्याचा अधिकार मुख्याध्यापकांनाही नाही.