चाळीस गुणांचं वजन नेमकं किती?

मुंबई विद्यापीठाच्या नव्या आराखड्यात ६०:४० आलं, तेव्हा बहुतेकांना बरं वाटलं. विरारपासून चर्चगेटपर्यंत प्रत्येक कॉलेजात एकच हिशोब सांगितला गेला: साठ गुण सेमिस्टरच्या शेवटच्या पेपरला, चाळीस गुण वर्षभराच्या कामाला. म्हणजे आता सगळं त्या एका पेपरवर नाही. कागदावर हे खरंच आहे. पण तुमच्या वर्गाच्या इंटर्नल्सची यादी एकदा नीट बघा. कुणाला ३४, कुणाला ३५, कुणाला ३६. सबमिशन केलेल्याला ३६, आदल्या रात्री मित्राची फाईल उतरवून काढणाऱ्याला ३४. मग त्या चाळीस गुणांनी ठरवलं काय?

एक काल्पनिक वर्ग घेऊ. इंटर्नल्समध्ये सगळ्यात कमी गुण ३३ आणि सगळ्यात जास्त ३७. लेखी पेपरात मात्र कुणी १५ वर अडकलंय, तर कुणी ५१ पर्यंत गेलंय. या वर्गातल्या एका मुलीने सेमिस्टरभर मनापासून काम केलं आणि इंटर्नल्सला ३७ मिळवले. पेपरच्या दिवशी तिला ताप होता, तिथे ३० मिळाले. एकूण ६७. तिच्याच बाकावरच्या मुलाने वर्षभर फारसं काही केलं नाही, तरी इंटर्नल्सला ३३ आले. पेपर मात्र चांगला गेला, ४२. एकूण ७५. तिच्या सगळ्या मेहनतीची किंमत चार गुण आणि त्याच्या एका पेपरची किंमत बारा.

गंमत अशी की गुणांचं वजन ते कितीपैकी आहेत यावरून ठरत नाही. मुलामुलांमध्ये त्यांच्यामुळे किती फरक पडतो यावरून ठरतं. वरच्या वर्गात इंटर्नल्समुळे जास्तीत जास्त चार गुणांचा फरक पडतो, पेपरमुळे छत्तीसचा. एकूण चाळीसच्या फरकात छत्तीस पेपरचे. म्हणजे मार्कशीटवर ६०:४० छापलेलं असलं, तरी प्रत्यक्षात तो वर्ग ९०:१० वर चाललाय.

आता त्याच वर्गात इंटर्नल्स खरोखर तपासून दिले आणि ते १६ ते ४० असे पसरले असं समजा. पेपरमुळे पडणारा फरक छत्तीसचाच राहिला, इंटर्नल्सचा चोवीस झाला. आता खरं ६०:४० झालं. तापातल्या मुलीचे ३८ आणि ३० मिळून ६८ होतात, बाकावरच्या मुलाचे २२ आणि ४२ मिळून ६४. नियम बदलला नाही, पेपरही तोच. फक्त इंटर्नल्स खरे झाले.

हे तुमच्या वर्गात तपासायचं असेल तर आकडेशास्त्राचा पेपर देण्याची गरज नाही. सरांकडे गुणांची शीट असतेच. बी रकान्यात पेपरचे गुण आणि सी रकान्यात इंटर्नल्सचे असतील, तर साठ जणांच्या वर्गासाठी दोनच ओळी लागतात:

```
=STDEV.P(B2:B61)
=STDEV.P(C2:C61)
```

हे सूत्र गुण सरासरीपासून किती लांब पसरलेत ते सांगतं. पहिलं उत्तर ९ आणि दुसरं १ आलं, तर ६०:४० ही तुमच्या कॉलेजात फक्त छापील गोष्ट आहे. जे पेपरात पुढे असतात ते इंटर्नल्समध्येही बऱ्याचदा पुढे असतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. पण आजार ओळखायला तेवढा पुरतो.

मग एका पेपरला जास्तीत जास्त किती वजन द्यावं? यासाठी मी एक साधी कसोटी लावते, ‘एका वाईट दिवसाची’. वसई-विरारकरांना वाईट दिवस म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. १० जुलै २०१८ ला नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचलं आणि वसई-विरारदरम्यान लोकल बंद पडल्या. तसा दिवस किंवा घरातलं आजारपण पेपरच्या सकाळी आलं असं धरा. एरवी ७० टक्के मिळवणारा विद्यार्थी त्या दिवशी ३० टक्क्यांवर घसरला. पेपरला ६० वजन असेल, तर ४० टक्क्यांच्या घसरणीचे ६० टक्के, म्हणजे एकूणातून २४ गुण जातात. ७० चे ४६ होतात. पेपरला २५ वजन असेल तर फक्त १० जातात आणि ७० चे ६० होतात. ग्रेडची एक पायरी साधारण दहा गुणांची धरली, तर एका वाईट दिवसाने फार तर एक पायरी खाली जाता येईल. हे मला न्याय्य वाटतं. म्हणून माझं म्हणणं असं की कुठल्याही एका बैठकीला २५ पेक्षा जास्त वजन असू नये.

त्यावरून शंभर गुणांची एक मांडणी करता येते. शेवटची परीक्षा २५, सेमिस्टरच्या मध्यावर एक परीक्षा २५, एक प्रत्यक्ष काम २० आणि वर्गातल्या सहा छोट्या चाचण्या, प्रत्येकी ६ गुणांच्या. सहापैकी उत्तम पाच धरायच्या, म्हणजे ३०. एखाद्या दिवशी लोकल चुकली किंवा घरी काही झालं, तर एक चाचणी आपोआप गळते आणि अर्ज, सर्टिफिकेट, विनवण्या काहीच लागत नाही.

प्रत्यक्ष कामाच्या वीस गुणांतच सगळी मेख आहे. ‘असाइनमेंट – २०’ असं लिहिलं की सगळ्यांना १७ मिळतात. पाचूबंदरच्या मासळी बाजाराचा अहवाल करायचा असेल, तर आधीच सांगावं की स्वतः जाऊन केलेल्या नोंदींना ८, त्यांच्या विश्लेषणाला ६ आणि अहवालावर विचारलेल्या तोंडी प्रश्नांना ६. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाशी बोललात याच्या नोंदीच नसतील तर आठपैकी दोन. असे तुकडे पाडले की सरांनाही गुण देताना कारण सांगता येतं आणि तुम्हालाही कुठे कमी पडलो ते कळतं. मित्राची फाईल उतरवणारा तोंडी प्रश्नांना उघडा पडतो. गुण पसरतात ते असे. मुद्दाम कुणाला कमी देऊन नव्हे.

अजून एका जागी एकच पेपर गुपचूप राज्य करतो, ती म्हणजे स्वतंत्र उत्तीर्णतेची अट. साठपैकी २४ वेगळे मिळालेच पाहिजेत अशी अट असेल, तर इंटर्नल्सला ३८ आणि पेपरात २२ मिळवणारा विद्यार्थी एकूण ६० गुण घेऊनही केटी घेऊन घरी जातो. पास-नापासाच्या बाबतीत त्या पेपरचं वजन साठ नाही, शंभर आहे.

पण ही अट सरळ काढून टाका, असं मी म्हणणार नाही. ती का आहे हे आपल्या राज्यातल्या दहावीच्या निकालांकडे पाहिलं की कळतं. २०१८ मध्ये निकाल ८९.४१ टक्के लागला होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. त्या काळात अभ्यासक्रमही बदलला होता आणि २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, त्यामुळे सगळा चढउतार वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. तरी संशयाला जागा उरतेच. अंतर्गत गुण सैल हाताने वाटले जातात ही भीती खोटी नाही आणि स्वतंत्र उत्तीर्णतेची अट हा त्यावरचा बांध आहे.

बांध ठेवा, पण तो एका पेपरवर घालू नका. वरच्या मांडणीत शेवटची परीक्षा, मधली परीक्षा आणि वर्गातल्या चाचण्या या तिन्ही पर्यवेक्षकासमोर बसून दिलेल्या आहेत. त्यांचे मिळून ८० गुण होतात. या ऐंशीपैकी ४० टक्के, म्हणजे ३२ हवेत, अशी अट घालावी. शेवटच्या परीक्षेत ८ च मिळाले, पण मधल्या परीक्षेत १६ आणि चाचण्यांत २० असतील तर बेरीज ४४ होते. तो विद्यार्थी पास आणि त्याचे गुण कुणी दान केलेले नाहीत.

आता यातली अडचण. १२० जणांच्या डिव्हिजनला सहा चाचण्या म्हणजे ७२० उत्तरपत्रिका. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तरी ३६ तास, तेही एका विषयाचे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडमना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. हे ३६ तास कुणाच्या खात्यावर? त्यांची सोय न करता चाचण्या लादल्या, तर दोन महिन्यांत सगळ्यांना सहापैकी पाच मिळायला लागतील आणि आपण पुन्हा ९०:१० वर येऊ. त्यामुळे चाचण्या दोन प्रश्नांच्या, दहा मिनिटांच्या, अर्ध्या पानाच्या हव्यात आणि तपासणीचे तास कामात धरायला हवेत. ही मागणी फक्त शिक्षकांची नाही, आपलीही आहे.

साठ गुणांच्या पेपरचे दोन भाग करणं कॉलेजच्या हातात नाही. ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापासून विद्या परिषदेपर्यंत जावं लागेल आणि वेळ घेईल. पण चाळीस गुण तुमच्याच वर्गात दिले जातात. या सेमिस्टरला असाइनमेंट मिळाली की सरांना एवढंच विचारा: यातले वीस गुण कशाकशाला आहेत, आणि ते आधी फळ्यावर लिहून द्याल का? ‘सगळ्यांना चांगले देतो’ असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. सगळ्यांना सारखेच गुण मिळाले, की तुमचा निकाल पुन्हा त्या एका पेपरकडेच जातो.