मोबाईल वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?

दृष्टिहीन मुलांच्या पालकांना हल्ली हा सल्ला सर्रास मिळतो. देणारे बहुतेक डोळस असतात, किंवा मोठेपणी दृष्टी गेलेले. दोघांनीही लहानपणी अक्षरं डोळ्यांनी पाहिलेली असतात. लेखन त्यांच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं आणि आवाज त्यावर चालतो. जन्मापासून न पाहणाऱ्या मुलाकडे ते काहीच नसतं.

‘दिन’ आणि ‘दीन’ घ्या. पहिला म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे गरीब (आपल्या घरात त्याचा अर्थ धर्मही होतो). बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ कुठे नीट सांभाळतो? पण भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे २ आणि ४ हे ठिपके, दीर्घ ई म्हणजे ३ आणि ५. तोच तिरपा जोड, फक्त एक ओळ खाली. बोटाला तो फरक लगेच कळतो. ‘विशेष’मधले श आणि ष आपल्या तोंडी एकच झालेत, ब्रेलमध्ये त्यांचे ठिपके वेगळे आहेत. मोबाईल एकेक अक्षर सुटं करून सांगू शकतो, हे मान्य. पण अख्खा धडा असा कोण ऐकतो? नुसतं ऐकून शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. बोलायला हुशार, पण अर्ज टाईप करायला बसवलं की शब्दागणिक अडतात.

मी सहाव्या वर्षी ब्रेल शिकलो. बोट ओळीवरून हलकं सरकतं, अक्षर मोजावं लागत नाही. माझ्या चाचांची नजर मधुमेहाने साठीच्या आसपास गेली. ते बोट दाबून धरायचे आणि एकाच अक्षरावर वरखाली घासायचे. दाबलं की ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. त्यात मधुमेहाने बोटांची संवेदनाही बोथट झालेली. त्यांना मोठे, सुटे ठिपके देऊन सुरुवात करावी लागली. कादंबरी ते आजही ऐकतातच आणि त्यात गैर काही नाही.

पण औषधांच्या डब्यांवर त्यांनी स्वतः चिकटपट्ट्या लावल्यात : सकाळच्या डब्यावर ‘स’, रात्रीच्या डब्यावर ‘र’. दोन अक्षरं, आणि गोळी विचारायला कुणाला हाक मारावी लागत नाही. मोठ्या माणसाला एवढं ब्रेलही पुरू शकतं. मुलाला पुरत नाही, त्याची तर सगळी साक्षरताच त्यावर उभी राहायची असते.

मोबाईलवरचा मजकूर ठिपक्यांत उमटवणारी यंत्रं आहेत, म्हणजे आवाज आणि ब्रेल यांचं वैर नाहीच. ती महाग आहेत हे खरं. पण पाटी आणि टोचणी स्वस्त आहे. तेव्हा शाळेत कुणी ‘आता ब्रेलची गरज नाही’ म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा : तुमच्या डोळस मुलाला तुम्ही अक्षरं न शिकवता फक्त रेडिओ दिला असता का?