अकरा फॉर्म, एक घटना

वार्षिक मूल्यमापनाचे कागद वरच्या कार्यालयाकडे गेले की आमच्याकडे पत्रं सुरू होतात. या वर्षी बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. चहूबाजूंनी अभिप्राय गोळा करा असा आदेश येतो, फॉर्म वाटायला आठवडा मिळतो आणि सारांश लिहायला एक दुपार. पोर्टलवर जागा असते एका आकड्यापुरती आणि दोन ओळींपुरती. एचआरमधल्या माणसाने दहा-बारा जणांचं म्हणणं त्यात कोंबायचं. कोंबल्यावर काय उरतं ते एका फाइलमध्ये आम्ही या महिन्यात वाचलं.

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, दारूखान्याच्या बाजूला, जहाजांचे पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा एक कारखाना आहे. तिथल्या एचआरमधल्या वाचकाने नावं झाकून ती फाइल पाठवली. अभिप्राय होते स्टोअर सांभाळणाऱ्या सुपरवायझरविषयी. अकरा फॉर्म होते: साहेबांचा एक, सहकाऱ्यांचे चार, हाताखालच्या माणसांचे तीन आणि स्टोअरमधून सामान नेणाऱ्या विभागांचे तीन. ‘सहकार्य’ या रकान्याची सरासरी निघाली 3.1. सारांश असा: ‘संवादकौशल्यात सुधारणा हवी. संघभावना वाढवावी.’ वेतनवाढ अडली. पत्रलेखकाने विचारलं आहे की यात आमचं चुकलं कुठे?

आधी आकडाच बघू. साहेबांनी 3 दिले. सहकाऱ्यांनी 4, 4, 2, 4. हाताखालच्यांनी 5, 4, 4. सामान नेणाऱ्या विभागांनी 1, 1, 2. बेरीज 34, भागिले अकरा. साहेब सोडले तर उरलेल्या दहांपैकी एकानेही 3 दिलेले नाहीत. म्हणजे ज्या आकड्यावर निर्णय झाला, तो जवळजवळ कुणाचंच मत नाही. रोज त्या माणसाबरोबर काम करणारे एक सांगतात आणि स्टोअरच्या खिडकीबाहेर उभे राहणारे दुसरं सांगतात, ही त्या फाइलमधली पहिली खबर. सरासरीने तीच पुसून टाकली. गटांचे आकडे वेगळेच ठेवायला हवे होते. स्कलन, माउंट आणि गॉफ यांनी 2000 साली दाखवलं होतं की अशा रेटिंगमधला निम्म्याहून अधिक फरक रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीमुळे पडतो. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. म्हणून आकडा फक्त ‘इथे बघा’ एवढंच सांगतो. काय दिसलं ते शब्दांतच शोधावं लागतं.

शब्दांकडे वळलो. कमी गुण देणाऱ्या चारही फॉर्मांत ‘सामान अडवून ठेवतात’ असं होतं. चार जण तेच म्हणतात म्हटल्यावर खरं असणार, हा निष्कर्ष कुणीही काढेल. आमच्या सांगण्यावरून पत्रलेखकाने चौघांना दोनच प्रश्न विचारले: कधी घडलं, आणि तुम्ही स्वतः तिथे होतात का? चारही तक्रारी नोव्हेंबरमधल्या एकाच रात्रीच्या निघाल्या. पंपाची शाफ्ट स्लीव्ह हवी होती, जहाज पहाटे सुटणार होतं आणि स्टोअरने ती दिली नाही. चौघांपैकी दोघे खिडकीवर होते. उरलेल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी चहावर ऐकलं होतं. मग इश्यू रजिस्टर काढलं. मागणीच्या चिठ्ठीवर शिफ्ट इन्चार्जची सही नव्हती, आणि सहीशिवाय सामान द्यायचं नाही हा कारखान्याचा लेखी नियम आहे.

म्हणजे फॉर्म चार, घटना एक, साक्षीदार दोन आणि नियम सुपरवायझरच्या बाजूने. सारांश लिहिणाऱ्याने फॉर्म मोजले, त्याने घटना मोजायला हव्या होत्या. हे काम अवघड नाही. एका कागदावर प्रत्येक तक्रारीपुढे घटना, अंदाजे तारीख आणि ‘पाहिलं की ऐकलं’ एवढंच लिहायचं. एकाच तारखेच्या ओळी एकत्र बांधायच्या, ऐकीव बाजूला काढायच्या. अकरा फॉर्मांना आमच्या पत्रलेखकाला दीड तास लागला.

याचा अर्थ सुपरवायझर निर्दोष ठरले असा नाही. त्या रात्री ड्युटी ऑफिसरला फोन करून तोंडी परवानगी घेता आली असती, ती त्यांनी घेतली नाही. आणि खरी उणीव त्या भांडणात नव्हतीच. तीन वेगवेगळ्या गटांतल्या तीन फॉर्मांत, तीन वेगळ्या दिवसांच्या अनुभवावरून लिहिलं होतं की सामान संपत आल्याचं आधी कळत नाही, खिडकीवर गेल्यावरच कळतं. त्यांपैकी दोघांनी गुण 4 दिलेले! चांगले गुण आहेत म्हणून त्यांचे शेरे कुणी वाचलेच नव्हते. तीन जणांनी एकमेकांशी न बोलता सांगितलेली ती गोष्ट अहवालात पहिली यायला हवी होती.

आणखी एका चुकीकडे पत्रलेखकाचं लक्षही गेलं नव्हतं. अहवालाच्या मसुद्यात हाताखालच्या एकाचं वाक्य जसंच्या तसं होतं, त्यात ‘रात्रपाळीला’ हा शब्द. तिघांपैकी रात्रपाळी करणारा एकच. नाव झाकून काय उपयोग? शेरा आपल्या शब्दांत लिहा, पाळी आणि तारीख काढा आणि एखाद्या गटात तीनपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांचे शेरे दुसऱ्या गटात मिसळा. साहेबांचा फॉर्म मात्र उघड असतो, हे सगळ्यांना आधीच सांगावं.

आता वरिष्ठांविषयी. ‘अभिप्राय गोपनीय आहे, कर्मचाऱ्याला दाखवू नका’ असा आदेश आल्याचं पाच वाचकांनी कळवलं आहे. देणाऱ्याचं नाव गोपनीय ठेवणं योग्य. पण आशय लपवायचा कशासाठी? देव दत्त नावाच्या अभियंत्याला 1993-94 साली ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिला की सरकारी सेवेतला प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कळवला पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्राने पूर्ण अहवाल दाखवून म्हणणं मांडायला पंधरा दिवस देण्याचा आदेश काढला. आणि त्याच केंद्राने वरिष्ठ पदांच्या निवडीसाठी चहूबाजूंचे अभिप्राय घेणं सुरू केलं, तेव्हा 2017 साली संसदीय समितीला ती पद्धत अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ असल्याचं नोंदवावं लागलं. न्यायालयाचा तो निकाल खासगी कारखान्यांवर बंधनकारक नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण उत्तर न ऐकता लिहिलेला सारांश अर्धवटच राहतो.

रे रोडच्या फाइलमध्ये तेच झालं. सुधारलेला मसुदा सुपरवायझरपुढे ठेवला. संपत आलेल्या सामानाची यादी दर सोमवारी विभागांना पाठवायचं त्यांनी लगेच मान्य केलं. नोव्हेंबरच्या रात्रीविषयी ते एवढंच म्हणाले, “शिफ्ट इन्चार्ज रजेवर होते. त्यांच्या जागी सही कुणाची चालते, हे मला अजून कुणी लिहून दिलेलं नाही.” ही गोष्ट अकरा फॉर्मांपैकी एकातही नव्हती. साहेबांच्याही नाही.

तेव्हा ज्यांच्या फायली अजून वर गेलेल्या नाहीत, त्यांनी त्या या आठवड्यात परत उघडा. पोर्टलची दोन ओळींची जागा पुरत नसेल तर एक पान जोडा आणि ते जोडल्याची पोच घ्या. आणि ज्यांच्या गेल्या आहेत, त्यांनी फेरविचारासाठी पत्र लिहा. रे रोडच्या पत्रलेखकाने ते लिहिलं आहे, आणि त्यासोबत रजिस्टरच्या त्या पानाची प्रत आहे.